चार बोटांची जागा

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरीला लागले तेव्हा मला दोन गोष्टी चांगल्या येत होत्या. एक, व्हर्निअरने अचूक माप घेणं. दुसरी, प्रश्न विचारणं. पहिलीसाठी मला कामावर घेतलं होतं आणि दुसरीसाठी रोज बोलणी बसत होती. "तुम्ही माप घ्या, उलटतपासणी घेऊ नका," असं शेठ म्हणायचे. पण वस्तू दिसली की ती अशीच का, तशी का नाही, हे विचारल्याशिवाय मला चैनच पडत नसे. अजूनही पडत नाही.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. कारखाना प्लास्टिकचे मग आणि बादल्या बनवायचा. त्याचा 'क्वालिटी विभाग' म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि नुकताच डिप्लोमा झालेली, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मी. रोज पालघरहून बोईसरला यायचे. दीडशे पुरुषांत कामावर मी एकटीच बाई. आमच्याकडे अंघोळीच्या मगापलीकडे मोठी गोष्ट घडत नसे, आणि एके दिवशी घडली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांनी मिळून मासळी वाहायच्या टबांची ऑर्डर दिली. बांबूच्या पाट्या खाऱ्या पाण्याने वर्षभरात कुजतात, त्याऐवजी तीस किलो मासळी मावेल असा, दोन्ही टोकांना मुठी असलेला टब त्यांना हवा होता. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जातात, त्याच्या आत माल हातात पाहिजे, ही अट.

साचा आमच्याच टूलरूममध्ये तयार झाला. तो बनवणारे मिस्त्री जवळच्या सरावली गावात एका खोलीत एकटे राहायचे, मूळचे उत्तरेकडचे. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्म्याला दोरी. ते मला 'बेटी' म्हणत आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देणारे त्या कारखान्यातले ते एकटेच.

साचा पहिल्यांदा मशीनवर चढला तेव्हा चार टब निघाले. ते सॅम्पल. आता माझं काम होतं. सॅम्पल तपासायचं आणि एका कागदावर लिहायचं की यातलं काय मंजूर आणि काय किती मिलीमीटरने बदलायचं. त्या कागदाबरहुकूम मिस्त्री साच्यात दुरुस्त्या करणार. मग साचा मुंबईला जाणार, तिथे भट्टीत घालून त्याचं पोलाद कडक करणार. कडक होऊन आला की त्याच्यावर कानस नुसती सरकते, लागत नाही. म्हणजे जे सांगायचं ते त्या कागदावर. नंतर हजारो टब निघतील ते तसेच.

"एक बात याद रखना, बेटी," मिस्त्रींनी मला साचा उघडून दाखवला. "लोहा काटना आसान है, जोड़ना मुश्किल."

मला ते आधी उलटंच वाटलं. मग त्यांनी बोट ठेवून समजावलं. साच्यात जिथे खाच, तिथे टबावर उंचवटा येतो. खाच वाढवली की टबाला प्लास्टिक वाढतं, सोपं काम. पण टबाला जिथे भोक आहे, तिथे साच्यात पोलादाचा ठोकळा उभा असतो आणि प्लास्टिक त्याला वळसा घालून जातं. ठोकळा घासला की भोक लहान होतं. आणि भोक मोठं करायचं असेल तर? ठोकळ्यावर पोलाद चढवावं लागतं, म्हणजे वेल्डिंग आलं, आणि एवढ्या मेहनतीच्या कोरीव तुकड्यावर वेल्डिंग म्हणजे तडा जायची भीती. आमच्या साच्यात ते ठोकळे सुटे नव्हते. आतल्या मुख्य भागातूनच कोरून काढलेले होते. म्हणून शहाणा कारागीर भोक मुद्दाम मोठं ठेवतो आणि सॅम्पल बघून मग कमी करतो.

मी दोन दिवस त्या टबांच्या मागे लागले. आत वाळूची पोती ठेवून टांगले. उन्हात ठेवले. एकात एक घातले, तर असे घट्ट बसले की दोन हमाल लावून ओढावे लागले. आणि मग माझ्या सुरेख अक्षरात कागद भरला. मंजूर या रकान्यात उंची, भिंतीची जाडी, निळा रंग, आतल्या कोपऱ्यांची गोलाई. दुरुस्तीच्या रकान्यात चार गोष्टी. पहिली, काठावर साच्याच्या सांध्यातून निघालेली प्लास्टिकची पातळ कात बोट कापते, सांधा नीट बसवावा. दुसरी, टब एकात एक अडकू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांना बाहेरून दहा मिलीमीटरचे टेकू द्यावेत. तिसरी, तळाच्या मध्यावर प्लास्टिक शिरतं त्या जागी तीन मिलीमीटरची गाठ राहते आणि टब डुगडुगतो, म्हणून तळाला चार मिलीमीटर उंचीचं गोल कडं द्यावं. हे तिसरं मला स्वतःला सुचलं होतं आणि त्याचा मला कोण अभिमान!

चौथी दुरुस्ती मुठीची. मूठ म्हणजे टबाच्या काठाला दोन्ही टोकांना असलेली लांबट फट. त्यात चार बोटं घालायची आणि उचलायचं. वाळूने भरलेला टब टांगला तेव्हा फटीबाहेरची पट्टी वाकत होती. फट लहान केली की पट्टी रुंद होणार, म्हणजे मजबूत होणार. हिशेब सरळ होता. मी फटीत माझी चार बोटं घातली. जागा भरपूर उरली. मग माझ्या बोटांचं माप घेतलं, थोडी मोकळीक धरली आणि लिहिलं: लांबी एकशे दहावरून नव्वद, रुंदी पस्तीसवरून सव्वीस.

शेठनी कागद वाचून मान डोलावली. "बायकांनी वापरायची वस्तू आहे, बाईनेच माप दिलंय. उत्तम." मला ते पटलं. बाईचा हात म्हणजे माझा हात, यात शंका घेण्यासारखं काही आहे असं, इतके प्रश्न विचारणाऱ्या मला, वाटलंच नाही.

सोसायट्यांच्या वतीने किनाऱ्यावरच्या दातिवरे गावचे सेक्रेटरी आले. इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं. त्यांनी टबावर टिचकी मारली, "मजबूत वाटतो," म्हणाले, चहा प्याले आणि कागदावर माझ्या सहीखाली सही केली. जाताना एक सॅम्पल घेऊन गेले. मिस्त्रींनी शनिवारी काम सुरू करायचं ठरलं, कारण मध्ये शुक्रवार होता आणि शुक्रवारी वसाहतीला सुट्टी.

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी मला घरी बसवेना. टब मी टांगला, उलटा केला, ओढला, पण त्यात एकही मासा पाहिला नव्हता. भरलेला टब दिसतो तरी कसा? एवढ्याच कुतूहलापोटी मी रेल्वेने सफाळ्याला उतरून दातिवऱ्याची एसटी पकडली. पर्समध्ये सवयीने व्हर्निअर होतं. ते मी पावडरच्या डबीसारखं सगळीकडे न्यायचे.

सेक्रेटरींचं घर विचारलं तर ते मुंबईला गेलेले. "आई हाय त्येची, बंदरावर," असं शेजारणीने सांगितलं. बंदरावर गेले. भरतीबरोबर होड्या लागल्या होत्या. ओल्या वाळूत बायकांची धांदल, आणि त्या सगळ्या पाट्यांमध्ये आमचा निळा टब उठून दिसत होता. त्याच्याजवळ उभी असलेली, कासोटा घातलेली, साठीला टेकलेली धिप्पाड बाई म्हणजे सेक्रेटरींची आई. मी कंपनीतून आले म्हटल्यावर तिने मला वरून खाली न्याहाळलं.

"तू बनवलास काय ह्यो?"

"मी नाही, मावशी. मी फक्त तपासला. तुमच्या मुलाने कागदावर सही करून पसंत केलाय."

"त्यानं?" ती हसली ती सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी. "त्यानं जन्मात पाटी उचलली नाय, बाय. त्याला इचारून कागद केलास?"

उत्तर सरळ 'हो' असं होतं आणि मी टबाचा काठ न्याहाळू लागले.

टब बोंबलांनी भरला. पांढरे, लिबलिबीत, पाण्याने जड. मावशीने कमरेचं फडकं काढलं, उजव्या पंजाला दोन वेढे दिले, आणि तो बांधलेला हात मुठीत घातला. पलीकडच्या बाईने तसंच केलं. दोघींनी टब उचलला, तीस पावलं चालल्या आणि ठेवला. मी मागोमाग.

"हाताला फडकं कशाला गुंडाळता?"

"ओला हात सरकतो. मिठानं कातडी फाटलेली असते. आन पाटीचे काटे रुततात त्ये येगळेच. आमी कोणबी उघड्या हातानं वजन उचलत नाय."

"आणि ही मूठ? कशी वाटते?"

मावशीने टबाकडे पाहिलं आणि अगदी सहज सांगितलं, "खरं सांगू? येवढी मूठ तुमी बरोब्बर केलीय. फडक्यासकट हात जातो. बादलीची कडी बोटं कापते, पाटीला धरायला कायच नाय. ह्यो मातर बनवणाऱ्यानं इचार करून बनवलाय."

मी वाळूत बसले आणि पर्समधून व्हर्निअर काढलं. मावशीला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, "मावशी, हात द्या." तिने दिला. फडक्यासकट पंजाची रुंदी एकशे चार मिलीमीटर. बोटांची जाडी फडक्यासकट एकतीस. पलीकडच्या बाईचा हात घेतला, तो थोडा लहान, अठ्ठ्याण्णव. तोवर गंमत बघायला आणखी तिघी-चौघी जमल्या आणि आपापले हात पुढे करू लागल्या. "माझा बी मोज की गं! आंगठी करतेस काय?" एकीचं मधलं बोट शिंगाळा माशाच्या काट्याने जायबंदी होऊन वाकडंच राहिलेलं होतं. तिचा हात सगळ्यांत जास्त जागा घेत होता. त्यांतला एकही हात नव्वदात जात नव्हता. सव्वीसात तर नुसतं फडकं गेलं असतं.

मग मावशी म्हणाली, "तू बी उचलून बघ." माझ्या हाताला तिचं फडकं, पलीकडे ती. मी उचलला आणि दहा पावलांत माझा श्वास फुलला. पण त्या मुठीत माझी बारीक बोटंसुद्धा फडक्यामुळे फुगून बसली होती आणि त्यांना ती सगळी जागा लागत होती. वाळूचं पोतं टांगून जे कळलं नव्हतं ते दहा पावलांत कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मी दोन दिवस थंड टबाला व्हर्निअर लावून बसले होते.

परतीच्या एसटीत मला काय काय सुचलं ते लपवत नाही. सेक्रेटरींची सही आहे, म्हणजे दोष त्यांचा. फट लहान झाली तरी टब विकला जाईलच. आणि सहा महिन्यांची बोली संपायला तीन आठवडे उरलेले असताना 'माझा कागद चुकला' हे सांगणं म्हणजे आपल्या हातानेच घरचा रस्ता धरणं. हे सगळं सुचलं. पण मावशीचं ते 'इचार करून बनवलाय' काही डोक्यातून जाईना. विचार मिस्त्रींनी केला होता. मी तो खोडला होता.

शनिवारी पहिल्या पाळीला सात वाजता मी टूलरूममध्ये पळतच शिरले. मिस्त्री सहालाच येऊन बसले होते. साच्याचा आतला भाग बाकावर काढून ठेवलेला, दोन ठोकळ्यांपैकी एक निळ्या शाईने आखलेला. आणि दुसरा घासून झालेला, लखलखीत. लांबी नव्वद, रुंदी सव्वीस. माझ्या कागदाबरहुकूम, केसाचाही फरक नाही.

मी रडले. लाज वाटली तरी रडले. मग सगळं सांगितलं, बोंबील, फडकं, वाकडं बोट, सगळं.

मिस्त्रींनी चष्मा काढला. "मेरी माँ खेत में घास काटती थी," ते हळू म्हणाले. "उसका हाथ सोच के ही बड़ा रखा था मैंने. फिर सोचा, औरतों का हाथ औरत ने नापा है, सही होगा. पूछना चाहिए था." म्हणजे मी माझ्या हातावर आणि त्यांनी माझ्या मापावर, दोघांनीही नको तिथे विश्वास ठेवला होता.

मग शेठना सांगितलं. ते संतापले, त्यांचं चुकलं नाही. "वेल्डिंगला तडा गेला तर आतला भाग अख्खा नवीन करावा लागेल. दोन महिने, वर भट्टी आणि माल काढायला वेळ! पौर्णिमा गेली, ऑर्डर गेली, आणि मग तुमचंही इथे काही काम उरणार नाही." मी फक्त म्हटलं, "कागदावर सही माझी आहे." याहून चांगलं काही सुचलं नाही.

पण पट्टी वाकते त्याचं काय? तो प्रश्न उरलाच होता. तो मिस्त्रींनीच सोडवला. फट लहान करायची गरजच नव्हती. पट्टीच्या खालच्या बाजूला साच्यात अर्धगोल खाच मारायची, म्हणजे पट्टी खालून जाड आणि गोल होईल, वाकणार नाही आणि बोटांना रुतणारही नाही. नुसतं लोखंड काढायचं काम. जाड जागेवर प्लास्टिक थंड होताना वरून किंचित खळगी पडेल, असं ते म्हणाले. ती चालेल, असं मी नव्या कागदावर आधीच लिहून टाकलं.

दुपारी वेल्डर आला. मिस्त्रींनी ठोकळा गॅसच्या ज्योतीने चहूबाजूंनी सारखा तापवला. थंड पोलादावर वेल्डिंग केलं की ते हमखास फुटतं. वेल्डरने थर चढवले. मग तो सगळा भाग गरम राखेत पुरून ठेवला, हळूहळू निवायला. त्या राखेच्या ढिगाकडे मी इतक्या वेळा गेले की मिस्त्री म्हणाले, "अंडा नहीं है बेटी, बैठने से जल्दी नहीं निकलेगा."

दुसऱ्या दिवशी ठोकळा बाहेर काढून त्यांनी पुन्हा एकशे दहा-पस्तीसला आणला. मग जोडावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पूड ओली करतं आणि रेघ उमटते. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. शेठही येऊन मागे उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पूड पांढरीच राहिली. मिस्त्रींनी फुंकर मारून ती उडवली आणि शेठ आपल्या केबिनकडे वळले.

नवी सॅम्पलं निघाली. कात नाही, टब एकातून एक सहज निघतात, तळाला कडं, गोल मूठ. फक्त एका टोकाच्या मुठीत, आतल्या बाजूला, एक बारीक रेघ होती. वेल्डिंगचं पोलाद आणि मूळचं पोलाद एकसारखं घासलं जात नाही, त्याचा सांधा प्लास्टिकवर उठतो. मिस्त्री म्हणाले, ही रेघ आता जाणार नाही. हजार टब निघोत की दहा हजार, प्रत्येकात येणार.

या वेळी सॅम्पल सेक्रेटरींकडे दिलं नाही. मी स्वतः दातिवऱ्याला घेऊन गेले, कोरा कागद बरोबर घेऊन. मावशीने टब उलटा केला, तळाच्या कड्यावरून हात फिरवला, चुंबळीवर ठेवून डोक्यावर घेतला, उतरवला. एकेक गोष्ट ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. शेवटी तिने मुठीत बोटं घातली आणि थांबली.

"ही रेघ कसली गं?"

थोडं काहीतरी तांत्रिक सांगून निभावता आलं असतं.

"ती माझी चूक आहे, मावशी," मी म्हटलं. "मी तुमचा हात माझ्या हाताएवढा धरला होता."

तिने टब मांदेलीने भरला. कमरेचं फडकं काढून तिने पंजाला वेढे दिले, रेघेच्या बाजूची मूठ मुद्दाम आपण धरली आणि पलीकडची मला धरायला लावली. आम्ही होडीपासून पार वरच्या रस्त्यापर्यंत टब नेला. मध्ये दोनदा मी थांबले, ती थांबली नसती. रस्त्यावर टब ठेवून तिने फडकं सोडलं आणि हात उघडून स्वतःच्या बोटांकडे नीट बघितलं.

"रुतत नाय," ती म्हणाली. "लिव, मंजूर."